अर्ध्या बिंदगीची येळवस

माझ्यामुळे आमच्या गल्लीचं दिवाळं वाजायची वेळ आली होती, हे मी आता हसत सांगते. तेव्हा हसू येत नव्हतं. गंमत म्हणजे मी लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. घरात आग लागावी आणि ती फायर ब्रिगेडवाल्यानेच लावलेली निघावी, त्यातली गत.

आमची गल्ली क्लासेसच्या भागाला लागून आहे. पोरं दुसऱ्या जिल्ह्यांतून शिकायला येतात, खोल्या करून राहतात, आणि त्यांच्या पोटावर अर्धी गल्ली जगते. मधोमध मेसवाल्या काकूंचं घर. दारात सकाळी स्टीलच्या डब्यांची रांग लागते. समोर अप्पांची पिठाची गिरणी. अप्पा कपाळाला विभूती लावल्याशिवाय गिरणीचं बटण दाबत नाहीत आणि बटण दाबल्यावर बोलायचं थांबत नाहीत, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं कुणालाच ऐकू येत नाही. गिरणीला लागून एक अरुंद शटर, त्यात शिवणाच्या ताई. ताई बिलोलीकडच्या. नवऱ्याशी पटलं नाही, भावाच्या घरी काही वर्षं काढली, मग एक मशीन घेऊन लातूरला आल्या आणि ते शटर भाड्यानं घेतलं. शटरच्या आत पडदा, पडद्यामागे त्यांचा संसार. एकदा माप घेता घेता म्हणाल्या होत्या, "भाऊ चांगलाय वो म्याडम. पण भावाच्या घरी चहा पिताना कप कुठं ठिवावा, हे पण इचारावं लागतंय."

गल्लीत बायकांचा बचत गट आहे. पंधराजणी, दर महिन्याला ठरलेला हप्ता, जमलेल्या पैशातून कुणाला गरज पडली तर कर्ज. बैठक माझ्या घरी. माझ्या हाती कारभार का, तर म्हणे म्याडमला अर्थशास्त्र कळतं. मीही मान डोलावली. माणसानं कधी कधी खरं बोलावं.

दसऱ्यानंतरच्या बैठकीत सगळ्यांचे चेहरे उतरलेले. सोयाबीन काढून झालं होतं, आडत बाजारात भाव पडलेला. गल्लीतल्या बऱ्याच जणांची गावाकडे थोडीफार शेती आहे. शिवाय पोरांचे आईबापही शेतकरीच.

"औंदा काय खरं न्हाई," मेसवाल्या काकू म्हणाल्या. "पोरं एका डब्यात दोघं जेवायलेत. बापाचा फोन आला की म्हणतंय, पोट भरायलंय, पैसे नका पाठवू. मला इकडून दिसतंय ना भांडणं करायलेत भाकरीवरून."

मला स्फुरण चढलं. मी उभी राहून भाषण केलं. थेंबे थेंबे तळे साचे, अंथरूण पाहून पाय पसरावे, जेवढ्या म्हणी आठवल्या तेवढ्या टाकल्या. मग म्हटलं, संकटात शहाणा माणूस हात आखडतो. तेव्हा आजपासून गटाचा हप्ता दुप्पट, आणि गुढीपाडव्यापर्यंत नडीशिवाय कुणी रुपया खर्च करायचा नाही.

टाळ्या. मग प्रत्येकीनं आपण काय बंद करणार ते उठून सांगितलं. मेसवाल्या काकू म्हणाल्या, दिवाळीला कपडे शिवायचे नाहीत, आहेत तेच नेसायचे. टाळ्या. शिवणाच्या ताईंनीही वाजवल्या. मग ताई उठल्या. त्या काकूंकडून दोन वेळचा डबा घ्यायच्या, कारण दिवाळीच्या हंगामात स्वयंपाकाला वेळच नसतो. "मी डबा बंद करते. हातानंच टाकते दोन भाकरी." टाळ्या. काकूंनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. अप्पांच्या बायकोनं सांगितलं, गिरणीचा नवा दगड बसवणार होतो, तो पुढच्या वर्षी. आणि सुनेचे ड्रेस शिवायचे राहू द्या. मी सांगितलं, दिवाळीचे पडदे आणि चार ब्लाऊज रद्द. ताईंनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

बाई आपल्याच पोटावर पाय पडताना टाळ्या वाजवते आहे, हे त्या खोलीत एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. माझ्या तर नाहीच नाही. मी चहा टाकायला गेले आणि दूध निम्मं करून आले, कारण सुरुवात आपल्यापासून करावी.

पहिल्या महिन्यात गटाची पेटी फुगली. मी फुशारले. दिवाळी आली. आमच्या गल्लीत एरवी दिवाळीच्या आधी ताईंच्या मशीनचा आवाज गिरणीशी शर्यत लावतो. औंदा गिरणी एकटीच बोलत होती, आणि तीही तुटक. काकूंचे डबे कमी झाले म्हणजे पीठ कमी, पीठ कमी म्हणजे अप्पा दुपारभर बाजेवर. अप्पांचं बोलणं पहिल्यांदाच सगळ्यांना स्वच्छ ऐकू येऊ लागलं. ते फार काही चांगलं नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात तीन जणींनी दुप्पट हप्त्याऐवजी जुनाच दिला. "कमाईच झाली न्हाई तर दुप्पट कुठून आणू?" तिसऱ्या महिन्यात सहा जणींनी काहीच दिलं नाही. बेरीज केली तर माझ्या भाषणाच्या आधी जमायचे त्याहूनही कमी पैसे जमले होते. मी दोनदा बेरीज केली. मग नवऱ्याकडून करून घेतली. ते म्हणाले, "अर्थशास्त्र तुझं, बेरीज माझी?"

मला राग आला तो बायकांचा. लोकांना शिस्त नाही, असं मी मनात म्हटलं. खरं तर शिस्त पाळली म्हणूनच असं झालं होतं. सगळ्यांनी सगळं तंतोतंत पाळलं होतं.

आणखी एक विचित्र गोष्ट झाली. पहिल्या महिन्यात फुगलेली पेटी तशीच पडून होती आणि कर्ज मागायला कुणी येत नव्हतं. ताईंना पिको-फॉलचं मशीन घ्यायचं होतं, दिवाळीआधी अर्जही लिहून ठेवला होता. मी विचारलं तर म्हणाल्या, "राहू द्या म्याडम. हाय त्या मशीनला काम न्हाई, दुसरं कशाला घेऊ? धूळ बसायला?" अप्पांना दगड नको. सगळ्यांनी पैसा साठवायचा म्हटलं, पण साठवलेल्या पैशाचं काही करावं असं कुणालाच वाटेना.

हे सगळं डोळ्यांसमोर घडत असताना मी वर्गात काय शिकवत होते? उपभोग आणि बचत. तिथे शेवटी मी दरवर्षी एक मुद्दा तोंडी सांगते. बचतीचा विरोधाभास. एका माणसानं हात आखडला तर त्याचे पैसे साठतात. पण मंदीच्या दिवसांत सगळ्यांनी एकदम आखडला, तर सगळ्यांचं उत्पन्नच आटतं, कारण एकाचा खर्च म्हणजे दुसऱ्याची कमाई. हे पाच मिनिटांत उरकायचं असतं. लातूरचं पोर हात वर करून एकच प्रश्न विचारतं, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?" नाही म्हटलं की पेनं खाली. त्याही वर्षी मी नाही म्हटलं, पेनं खाली पडली, आणि मी घरी येऊन पातळ चहा केला.

मग येळवस आली. मार्गशीर्षातली वेळा अमावस्या. लातूरबाहेरच्यांना सांगायला हवं की त्या दिवशी आमचं शहर ओस पडतं. सगळे शेतात. ज्वारीच्या कडब्याची कोपी उभी करायची, आत पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, आणि मग जेवायचं. भज्जी, म्हणजे तूर, हरभरा, वाटाणा, वाल, दिसेल ती भाजी घालून केलेलं बेसनाचं दाट प्रकरण. बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे. गव्हाची खीर. आणि आंबील, ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली, मातीच्या बिंदगीत भरून डोक्यावर आणलेली. त्या दिवशी कुणी कुणाला बोलवत नाही. ज्याच्या बांधावर पाय पडेल त्यानं जेवायला बसवायचं. आपल्या शेतात दोन घास, शेजारच्या शेतात चार, संध्याकाळी चालता आलं नाही तर सण नीट झाला.

आमच्या गल्लीतली आम्ही चार जुनी घरं एकाच गावची. बांधाला बांध लागून शेतं. त्यामुळे गल्लीतले ज्यांना शेत नाही तेही आमच्याबरोबर येतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सतरंजी टाकून निघतो.

आता माझं गणित ऐका. मी म्हटलं, काटकसरीचं वर्ष आहे. आपण दरवर्षी मोठं पातेलं भरून भज्जी करतो, ती उरते, लोक तर चार शेतांवर जेवतात. आपण औंदा अर्धी करू. आंबिलीची बिंदगीही अर्धी. काकूंकडे भरपूर असतंच, अप्पांच्या घरी तर विचारायलाच नको. बिंदगीवर नेहमीसारखं फडकं बांधलं. वरून कुणाला कळणार होतं?

पूजा झाली. कोपीभोवती फेऱ्या झाल्या. आमच्या शेतातलं जेवण दहा मिनिटांत संपलं. मी मोठ्या मनानं म्हटलं, "चला, काकूंकडं."

काकूंच्या बांधावर पाय ठेवला तर काकू आमच्याकडे यायला निघालेल्या. "या की," त्या म्हणाल्या, पण असं म्हणाल्या की पाय पुढे पडेना. त्यांचं पातेलं मी पाहिलं. तळाला होतं थोडंसं. सगळे मिळून अप्पांकडे गेलो. अप्पा बांधावर उभे, कपाळावर हात आडवा धरून लांब बघत होते. आम्हाला बघून चेहरा उजळला, मग आमच्या हातात काही नाही हे बघून विझला.

"म्याडम, तुमच्याकडं यायलालो होतो जेवायला," अप्पा म्हणाले. "आमच्या बाईनं औंदा निम्मंच केलंय. म्हणली, म्याडमकडं लई असतंय."

मग सगळ्या बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. चौथ्या घरानं तर बिंदगीच आणली नव्हती. दर येळवसेला उरतं म्हणून सगळ्यांनी निम्मं केलं होतं, आणि प्रत्येकीनं धरलं होतं की कमी करणारी आपण एकटीच, बाकीच्या नेहमीसारखंच करतील. चार शेतं, वीस-पंचवीस माणसं, भर दुपार, आणि येळवसेच्या दिवशी माणसं उपाशी.

अप्पांनी पोटावर हात फिरवत विचारलं, "येळवसेला भुकं राहायची तऱ्हा आमच्या बापजाद्यांनी बी पाहिली न्हाई. म्याडम, हे तुमच्या पुस्तकात असतंय का कुठं?"

मी नाही म्हणणार होते. तेवढ्यात आठवलं. पुस्तकात नव्हतं, पण पाच मिनिटांच्या त्या मुद्द्यात होतं, माझ्या तोंडात होतं, वीस वर्षं. आंबील म्हणजे काही पैसा नाही, मला कळतं. पण चूक अक्षरशः तीच होती. एकीनं निम्मं केलं असतं तर तिचं वाचलं असतं आणि पोटही भरलं असतं. सगळ्यांनी केलं म्हणून कुणाचंच भरलं नाही. मला तिथे बांधावर उभ्या उभ्या दिवाळीतलं ताईंचं मुकं मशीन आठवलं, टाळ्या आठवल्या. लाज वाटली, साधी, पोरीला वाटावी तशी.

ताई आमच्या ट्रॉलीत नव्हत्या, मागून येते म्हणाल्या होत्या. त्या आल्या त्या डोक्यावर बिंदगी घेऊन. भरलेली. चालताना गळ्याजवळून आंबील सांडत होती इतकी भरलेली. दुसऱ्या हातात भज्जीचा डबा, तोही काकूंच्या मेसचा जुना, मोठ्यातला मोठा.

"तुम्हाला कुणी सांगितलं एवढं करायला?" काकू ओरडल्या. "तुमचं तर शेत बी न्हाई."

ताईंनी बिंदगी उतरवली. "शेत न्हाई म्हणूनच. दरसाल तुमच्याच बांधावर जेवले. औंदा म्हणलं, जाता जाता एकदा आपल्या हातचं घालावं सगळ्यांला."

"जाता जाता म्हणजे?"

"शटर सोडायलेय. मालकानं पाटी बी रंगवून आणलीय, भाड्यानं देणे आहे म्हणून. महिना संपला की लावतो म्हणला." त्या पळीनं आंबील ढवळत राहिल्या. "भावाला फोन केला. या म्हणला."

आम्ही जेवलो. वीस-पंचवीस माणसं त्या एका बिंदगीवर आणि त्या एका डब्यावर जेवलो, आणि पुरलं कसं ते मला आजही कळलेलं नाही. मला प्रत्येक घोटाला कप कुठं ठेवावा ते विचारणारी बाई दिसत होती. शेवटी मीच उठले. भाषणाला उठले की लोक आता घाबरतात, तेव्हाही घाबरले.

मी म्हटलं, चूक माझी आहे, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. म्हटलं, काकूंनी ब्लाऊज शिवला नाही ते पैसे वाचले असं काकूंना वाटलं. पण ते ताईंचे होते. ताईंनी डबा बंद केला ते काकूंचे होते. काकूंनी दळण कमी केलं ते अप्पांचे. आपण आपले वाचवले नाहीत, एकमेकींचे अडवले.

"म्हणजे आता काय उधळायचं का?" अप्पांच्या बायकोनं विचारलं. रास्त प्रश्न होता.

"उधळायचं नाही. जे दरवर्षी करत होतो तेवढंच पुन्हा करायचं. पण सगळ्यांनी एकदम."

हीच तर गोम आहे. सगळ्यांना पटलं, पण पहिला कोण? मी खर्च केला आणि बाकीच्यांनी हात आखडलाच, तर मी मूर्ख. प्रत्येकजण दुसऱ्याच्या बिंदगीकडे बघत होता. अप्पा तर आभाळाकडे.

तेव्हा मला माझं कपाट आठवलं. मराठी बाईच्या कपाटात एक कप्पा असतो, तिथे ब्लाऊजपीस राहतात. ओटीत आलेले, हळदीकुंकवात आलेले. ते शिवायचे नसतात. ते पुढच्या ओटीत द्यायचे असतात. माझ्या कप्प्यात अकरा होते. त्यातला एक जांभळा तर मी स्वतः चार वर्षांपूर्वी काकूंच्या ओटीत घातलेला, मागच्या संक्रांतीला परत माझ्याकडे आलेला.

"माझे अकरा," मी म्हटलं. "उद्या सकाळी शिवायला टाकते. सगळे. शिलाई रोख."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "जांभळा बी?"

"जांभळा आधी."

काकू हसल्या, आणि त्या हसल्या म्हणून सगळ्या हसल्या. "माझ्याकडं सतरा हायत," त्या म्हणाल्या. "अन् ताई, तुमचा डबा उद्यापासून. तुम्ही शिवत बसणार, भाकरी कवा टाकणार?" अप्पांच्या बायकोनं सुनेचे ड्रेस परत काढले. अप्पांना कुणी विचारलं नव्हतं, तरी ते म्हणाले, "दगड बसवून घेतो मग. डब्याला पीठ लागंल."

ताई मात्र हसल्या नाहीत. "माझ्यावर दया नका करू," त्या म्हणाल्या. "दयेवर शटर चालत न्हाई."

"दया नाही वो," काकू म्हणाल्या. "तुमचा डबा बंद झाल्यापासून माझं बी कुठं चालायलंय? माझ्या पोटासाठी म्हणायलेय."

हे मला वीस वर्षांत इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शटरपाशी पिशवी घेऊन गेले तर माझ्या आधी चौघी. मशीन सुरू झालं. मी काही परीकथा सांगत नाही. सोयाबीनचा भाव आमच्या ब्लाऊजपीसांनी वाढला नाही, आणि पोरांचे आईबाप गावाकडे हात आखडूनच होते, त्यामुळे काकूंच्या मेसमध्ये त्या वर्षी एका डब्यात दोघं जेवतच राहिली. बाहेरून येणारं पाणी आटलं तर गल्लीनं आपसात कितीही फिरवलं तरी किती फिरवणार. पण आम्ही आपल्या हातानं आटवलं होतं तेवढं परत आलं. संक्रांतीनंतरच्या बैठकीत जुना हप्ता, दुप्पट नाही, पंधराही जणींनी दिला. ती बेरीज मी एकदाच केली.

बचत गट अजून चालू आहे. मी बचतीच्या विरोधात नाही, उलट. ताईंनी त्याच बैठकीत जुना अर्ज पुढे केला आणि पेटीत पडून असलेल्या पैशातून पिको-फॉलचं मशीन आलं. साठवलेला पैसा असा कुणाच्या तरी हाताला लागला की गल्लीतच फिरतो, नुसता पडून राहिला की कुणाच्याच कामाचा नाही.

मशीन बघायला मी गेले. ताईंनी माझ्यासमोर मेसचा डबा उघडला, मला भाकरी दिली, आणि चहाचा कप मशीनच्या फळीवर ठेवला, कुणाला न विचारता. मग म्हणाल्या, "एक इचारू का म्याडम? तुम्हाला हे सगळं आधीपासून येत होतं म्हणता. मग तवाच का न्हाई सांगितलं?"

मी जांभळ्या ब्लाऊजची बाही नीट करत बसले. शेवटी खरं सांगितलं.

"परीक्षेला येत नाही म्हणून."

ताई बराच वेळ हसत होत्या. मला हसू आलं नाही. शटरबाहेर पाटी लटकत होती. मालकानं आणलेलीच, फक्त उलटी फिरवलेली, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ताईंनी स्वतः रंगवलं होतं: पिको-फॉल करून मिळेल.